स्थळासाठी फोटो निवडायचाय : फोटो पाच, मतं सहा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात केलीय. वय 27, कोल्हापुरात बँकेत नोकरी. बायोडेटा एका संध्याकाळी लिहून झाला, पत्रिका झाली, फोटोवर मात्र तीन आठवडे गाडी अडकलीय. घरात आजी धरून सहा माणसं आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

फोटो इथे टाकणार नाही, आधीच सांगतो. तिची तशी इच्छा नाही. म्हणून वर्णन करतो.

फोटो 1 : स्टुडिओतला, गेल्याच महिन्यात मुद्दाम काढून घेतलेला. मागे आकाशी पडदा, हनुवटीखाली हात. फोटोवाल्याने चेहरा 'क्लीन' करून दिलाय. आईचं मत यालाच.

फोटो 2 : मामेभावाच्या लग्नातला, दीड वर्षापूर्वीचा. नऊवारी, नथ, पार्लरचा मेकअप. शेजारी मी उभा होतो, मला कापून टाकलंय, पण तिच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिलीत.

फोटो 3 : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साडीत काढलेला सेल्फी. तिचा स्वतःचा आवडता.

फोटो 4 : बँकेतल्या मैत्रिणीने काढलेला. साधा कुर्ता, चष्मा, खिडकीजवळ उभी राहून कशाला तरी हसतेय. माझं मत याला. आई म्हणते, "कॅमेऱ्याकडे लक्षच नाही, असला फोटो कोण पाठवतं?"

फोटो 5 : पन्हाळ्यावरचा, भर दुपारी, पूर्ण उभा.

दोन ठिकाणी लागणार आहे. एक, बायोडेट्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर. दुसरं, पुढच्या महिन्यात एका वधू-वर मेळाव्याच्या परिचय पुस्तिकेत. कोणता द्यावा?

निशिगंधा_क

4. डोळे मिटून 4. स्वतःची चार बोटं असलेला फोटो पाठवू नका म्हणजे झालं. समोरची माणसं फोन कोणाची बोटं म्हणून करतील.

नानासाहेब_वाईकर

पांढरी पार्श्वभूमी घ्यावी. दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसू नये, चष्मा काढावा. माझ्या मुलाचा फोटो हसरा आहे म्हणून परत आला होता. दुसऱ्यांदा हेलपाटा.

कृष्णाकाठ

नाना, तो पासपोर्टचा. हा लग्नाचा आहे :)

नानासाहेब_वाईकर

वरचा मजकूर नीट वाचला नव्हता. तरी कान दिसले पाहिजेत यावर मी ठाम आहे.

उजेडवाला

सातारा-कराड भागात वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, त्यातले बरेच 'दाखवायचे'. फोटो न बघता क्रमांक सांगणं धाडसाचं आहे, म्हणून आधी तीन प्रश्न विचारतो.

एक. फोटो 3 मध्ये पदर कोणत्या खांद्यावर दिसतो?

दोन. फोटो 1 मोठा करून भुवया बघा. केस सुटे दिसतात की पेन्सिलीने भरल्यासारखा सलग पट्टा?

तीन. फोटो 5 मध्ये चष्मा आहे का, आणि काचा कशा दिसतात?

कृष्णाकाठ

लॅपटॉपवर उघडून बघितलं.

3 : पदर उजव्या खांद्यावर!! हे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. तिने तर नेहमीसारखाच नेसलाय.

1 : सलग पट्टा. कपाळ तर स्टीलच्या ताटासारखं. डाव्या गालावर तीळ आहे तिच्या, तो गायब आहे.

5 : चष्मा आहे, काचा काळ्या. उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत.

आज्जीबाई_ठाणे

उजव्या खांद्यावर पदर म्हटल्यावर पलीकडची बाई आधी विचारेल, गुजराती आहात का हो?

उजेडवाला

आज्जी, अगदी तसंच होतं. एका पार्टीला खरंच असा फोन आला होता.

कृष्णाकाठ, आता ऐका. समोरच्या कॅमेऱ्याने काढताना पडद्यावर आपण आरशातल्यासारखे उलटे दिसतो. काही फोन जतन करताना सरळ करतात, काही सेटिंगप्रमाणे उलटाच ठेवतात. तुमचा उलटा ठेवलेला आहे. पदर, भांग, तीळ, नथ, सगळं विरुद्ध बाजूला. चेहरा कोणाचाच दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे उलटा फोटो तिला ओळखीचा वाटतो आणि तुम्हाला 'काहीतरी वेगळं' वाटतं. तिला तोच आवडतो याचं कारणही हेच. ती स्वतःला रोज आरशात बघते. 1977 मध्ये अमेरिकेत यावर एक छोटा प्रयोग झाला होता : माणसांना स्वतःचा उलटा छापलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ छापलेला. तुमच्या घरात तोच वाद चाललाय.

सेल्फी सरळ करणं सोपं आहे, फोटो संपादनात आडवा फिरवायचा पर्याय असतो. पण 3 मध्ये दुसरी अडचण उरतेच. हात लांब करून काढला तरी कॅमेरा चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर असतो. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ आणि कान लांब, म्हणून नाक मोठं, कान मागे गेलेले आणि चेहरा अरुंद दिसतो. समोर बसल्यावर माणूस आपल्याला चार-पाच फुटांवरून बघतो. फोटो त्याच अंतरावरचा किंवा थोडा जास्त लांबचा असला की 'हीच ती' वाटते.

टाकसाळ

अंतराचा प्रश्न नाही हो, लेन्सचा आहे. मोबाईलची वाइड लेन्स चेहरा बिघडवते. पोर्ट्रेट मोड लावा, लेन्स बदलते, नाक बरोबर येतं. मागचं धूसर होऊन फोटो एकदम डीएसएलआरसारखा दिसतो. माझ्या मेहुण्याचे सगळे तसेच काढले.

उजेडवाला

अर्धं बरोबर आहे. पोर्ट्रेट मोडमध्ये बऱ्याच फोनवर चित्र जवळ येतं, म्हणून आपण दोन पावलं मागे सरकतो. नाक सुधारतं ते मागे सरकल्यामुळे. तीच वाइड लेन्स घेऊन सात फुटांवर उभे राहा आणि नंतर चेहरा तेवढा कापून घ्या, प्रमाण तसंच येईल. फक्त कापल्यामुळे बारकावे थोडे कमी होतात, म्हणून 2x वर काढलेलं बरं.

आणि ते धूसर करणं. फोन अंदाजाने ठरवतो की माणूस कुठे संपतो. झुमके, सुटे केस आणि चष्म्याची दांडी इथे तो हमखास चुकतो. मेहुण्याचा फोटो मोठा करून कानाजवळ बघा.

टाकसाळ

बघितलं. एका कानाचा अर्धा भाग धूसर आहे. लग्न झालं त्याचं, आता चालतंय.

नानासाहेब_वाईकर

कान दिसले पाहिजेत असं मी म्हटलं होतं.

वाळवण

धागा वाचून स्वतःचं आठवलं, थोडं अवांतर चालवून घ्या.

माझ्या वेळी घरच्यांनी एका स्टुडिओत फोटो काढून घेतला. त्याने न विचारता दोन छटा उजळ केलं, हनुवटी लहान केली आणि चामखीळ काढली. आम्हीही कौतुकाने तोच पाठवला. कांदेपोह्यांना मंडळी आली. मुलाची आई बोलता बोलता पर्समधून फोन काढायची, बघायची, माझ्याकडे बघायची, परत ठेवायची. तीन वेळा. मला ट्रे हातात घेऊन तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. मी आहे तशी काही वाईट दिसत नाही, पण त्या दिवशी मी माझ्याच फोटोच्या तुलनेत कमी पडले. नकार पत्रिकेच्या नावाने आला.

नंतर मावसबहिणीने गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना काढलेला फोटो पाठवला. नवरा म्हणतो, दारात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं ते 'अरे, हीच'.

तिरकस

मूळ रोग इथेच आहे. मुलीचा तीळ पुसायचा, रंग उजळायचा, आणि मुलाचा? मुलाचा फोटो म्हणजे कंपनीच्या कार्यक्रमात गळ्यात ओळखपत्र, मागे बुफे. त्याला कोणी विचारत नाही. फोटो 4 द्या आणि आईंना सांगा की मुलगी कॅलेंडर नाही.

आज्जीबाई_ठाणे

रंग उजळायची हौस नवीन नाही बाळा. माझा फोटो 1968 सालचा, काळा-पांढरा. फोटोवाल्याने काचेवर पेन्सिलीने काम करून मला गोरी केलं होतं. ह्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "ही फोटोतली की दुसरी?" मी म्हटलं, दुसरी. तरी झालं लग्न. पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

कृष्णाकाठ

@तिरकस, आईची बाजूही सांगतो. तिला गोरी मुलगी नाही दाखवायची. तिची भीती वेगळी आहे : साधा फोटो पाठवला तर 'यांनी मनावर घेतलेलं नाही' असं समोरच्यांना वाटेल. स्टुडिओचा फोटो म्हणजे इस्त्रीचे कपडे, असं तिचं म्हणणं.

पुस्तिकेची_सेविका

मी एका मंडळात परिचय पुस्तिकेचं काम बघते. दरवर्षी शेकडो फोटो हाताखालून जातात, म्हणून त्या बाजूने सांगते. आई चुकत नाहीत हो. नीटनेटकेपणा हवाच. प्रश्न इतकाच की छापून आल्यावर त्यातलं काय उरतं.

आमच्या पुस्तिकेत फोटोची जागा 3 बाय 4 सेंटीमीटर. आतली पानं काळी-पांढरी, कागद साधा. आता फोटो 5 धरा. उभ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण सातवा-आठवा हिस्सा असतं. 4 सेंटीमीटरमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवला तर चेहरा पाच मिलिमीटरचा. हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्यात डोळे, हसू काय दिसणार? तरी दरवर्षी निम्मे लोक उभा फोटो देतात, कारण उंची दिसावी. उंची खाली फुटा-इंचात छापलेलीच असते.

काळ्या-पांढऱ्यात दुसरी गंमत होते. मरून साडी आणि काळा केशसंभार यांचा रंग जवळजवळ एकच होतो. मागे गडद पडदा असला तर डोकं कुठे संपलं आणि पडदा कुठे सुरू झाला कळत नाही. तुमचा आकाशी पडदा त्या बाबतीत बरा. फोन संपादनात एकदा रंग पूर्ण काढून टाका, फोटो टपाल तिकिटाएवढा करा आणि हात लांब करून बघा. चेहरा कळला तर द्या. मी आलेल्या प्रत्येक फोटोला हेच करते.

उजेडवाला

+1. ही चाचणी माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मी आता सांगणार.

कृष्णाकाठ

केली. निकाल असा. 5 मध्ये काही कळत नाही, दोन काळे गोल दिसतात (चष्मा). 2 मध्ये नथ आणि चंद्रकोर दिसते, माणूस दिसत नाही. 1 स्पष्ट येतो पण कोणीही असू शकेल. 4 मध्ये ती ओळखू येते, पण चेहऱ्याची एक बाजू काळी पडलीय. खिडकी अगदी लागून आहे. आणि चष्म्याच्या एका काचेवर पांढरा चौकोन आहे, बहुतेक कॉम्प्युटरचा पडदा.

म्हणजे माझा लाडका 4 पण बाद?

उजेडवाला

4 बाद नाही, 4 हा नमुना आहे. त्यात बरोबर काय ते ओळखा : बाजूने येणारा उजेड, समोरून दुसऱ्याने काढलेला, माणूस स्वतःच्या नेहमीच्या चेहऱ्यात. हे घरी पुन्हा जमवायचं. वेळ वीस मिनिटं, खर्च शून्य.

थेट ऊन येत नाही अशी खिडकी बघा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. तिला खिडकीपासून तीन-चार फूट आत उभं करा, चेहरा अर्धवट खिडकीकडे. खिडकीला चिकटून उभं केलं की एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळी होते, तेच 4 मध्ये झालंय. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका, तिच्यावरून उजेड परतून काळ्या बाजूला जातो. घरातली ट्यूब आणि पिवळा दिवा दोन्ही बंद. दोन रंगांचा उजेड एकत्र आला की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा होतो, आणि मग लोक 'रंग कसा नक्की?' विचारतात.

मागची भिंत कोणत्या रंगाची आहे? पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिच्यापासून चार-पाच फूट पुढे या, नाहीतर रंग गालावर उतरतो. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, सहा-सात फुटांवरून, 2x. भिंगावरचा हाताचा तेलकटपणा आधी रुमालाने पुसा. अस्पष्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फोटोंचं कारण तेवढंच असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, 'ब्युटी' नावाचं जे काही आहे ते शून्यावर आणा. बऱ्याच फोनमध्ये ते आधीच चालू असतं आणि आपल्याला माहीतही नसतं.

निशिगंधा_क

ते चालू होतं की नाही हे जुन्या फोटोत कसं ओळखायचं?

उजेडवाला

भुवया आणि तीळ वर सांगितले. चेहरा बारीक करणारं असेल तर चेहरा बघू नका, शेजारची सरळ रेघ बघा. दाराची चौकट, खिडकीचा गज, टाइल्सचा सांधा. गालाजवळ येऊन ती रेघ आत वाकली असेल तर गाल दाबलाय. अशी एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिच्या फोटोत मागचा गॅस सिलिंडर कमरेशी बारीक झाला होता.

टाकसाळ

आत्ता माझ्या सगळ्या फोटोंतल्या चौकटी तपासतोय. रात्रीचे पावणेबारा.

वाळवण

चष्म्याचं काय ठरलं? माझं मत, चष्मा हवाच. रोज लावते ना? मग फोटोतही.

पुस्तिकेची_सेविका

हवाच, पण नंबर किती? मायनसचा नंबर मोठा असला की काचेतून डोळे लहान दिसतात आणि गालाची कड काचेच्या आत सरकल्यासारखी दिसते. समोर बसल्यावर आपलं तिकडे लक्ष जात नाही, फोटोत मात्र तेच आधी दिसतं. मी तर दोन फोटो मागते, एक चष्म्यासह, एक शिवाय.

कृष्णाकाठ

साडेचार आहे, मायनस. चष्मा काढला की नाकावर दोन्ही बाजूंना खुणा दिसतात आणि नजर कुठेतरी भलतीकडे जाते.

उजेडवाला

मग चष्म्यासहच. कानामागची दांडी अर्धा सेंटीमीटर वर उचला म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि खिडकीची चमक जाते. चष्माशिवाय हवाच असेल तर फोटोच्या अर्धा तास आधी काढून ठेवायला सांगा, खुणा जातात. काळ्या होणाऱ्या काचांना खिडकीशीही थोडी छटा येऊ शकते, म्हणून साधा जुना चष्मा असेल तर तो वापरा, नंबर तोच असला तर.

तिरकस

म्हणजे चष्मा खरा, पण जुना. नैसर्गिक फोटोची व्याख्या हळूहळू सरकतेय असं नाही वाटत?

उजेडवाला

वाटतं. चादर लावणं म्हणजेसुद्धा थोडी सजावटच की. माझी रेघ मी अशी ओढतो : उजेड, अंतर, कपडे हे माझ्या हातात. चेहरा माझ्या हातात नाही. पिंपल आठवड्याभरात जाणार असेल तर तेवढी पुसतो, तीळ नाही. तुम्ही रेघ दुसरीकडे ओढाल, माझी हरकत नाही.

तिरकस

मी पिंपलही ठेवीन. पण मुद्दा पोचला.

निशिगंधा_क

अजून एक. निवडताना घरच्यांना विचारूच नका, तिलाही नको. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांचा एक अभ्यास आला होता. माणसाने स्वतःसाठी निवडलेल्या फोटोपेक्षा अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी निवडलेल्या फोटोने बघणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पाडली. बँकेतल्या, तिला एकदोनदाच भेटलेल्या तीन माणसांना दाखवा. 'सुंदर कोणता' विचारायचं नाही. विचारायचं, 'हिच्यासारखा कोणता?'

आज्जीबाई_ठाणे

बँकेत दाखवलं तर अख्ख्या बँकेला कळेल की मुलीचं बघताय. शेजारणीच्या सुनेला विचारा, तीही नवीनच आलेली असेल.

कृष्णाकाठ

मंडळी, रविवारी काढले. अहवाल देतो.

आमची बाहेरची खोली मोरपंखी रंगाची, ती बाद. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, शेजारच्या इमारतीच्या भिंतीवरून उजेड येतो. ओट्यावरचे डबे हलवले, सिलिंडर बाहेर काढला (धसका घेतलाय). पांढरी चादर आजीने दिली, वर म्हणाली, "डाग पाडू नका, पाहुण्यांची आहे." सुती साडी, मोतिया रंगाची, कानात छोटे टॉप्स, जुना चष्मा.

पहिले पंधरा फोटो वाया. ती 'फोटोतली' झाली, मान तिरकी, ओठ मिटलेले, स्टुडिओवाल्याने शिकवलेलं सगळं. मग मी फोन तसाच धरून विचारलं, तुझ्या मॅनेजरने त्या दिवशी कोणाला चेक परत दिला म्हणालीस? ती सांगायला लागली आणि मी दाबत राहिलो. बोलताना तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले असेही बरेच आले, पण वाक्य संपल्यावर जो अर्धा क्षण असतो त्यातले तीन चांगले निघाले. डोळ्यात खिडकीचा छोटा चौकोन दिसतो, पापण्या सुट्या दिसतात, तीळ जागच्या जागी, पदर डाव्या खांद्यावर.

शेजारच्या वहिनींना तीन नवे आणि जुने पाच असे आठ दाखवले. त्यांनी क्षणात एक उचलला. तिघांत तो माझा दुसरा होता, तिचा तिसरा.

आई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "केस जरा चापून बसवायला हवे होते." म्हणजे मान्य.

उजेडवाला

वा! आता पाठवताना मातीत घालू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की लहान होऊन जातो. त्यांनी तो जतन करून आत्याला, आत्याने जतन करून मामीला नव्याने पाठवला की आणखी थोडा झिजू शकतो. एचडी निवडून पाठवा किंवा डॉक्युमेंट म्हणून.

पुस्तिकेची_सेविका

डॉक्युमेंट म्हणून पाठवताना एक जपा. त्यात फोटो जसाच्या तसा जातो, म्हणजे कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर घराचा ठिकाणासुद्धा फोटोसोबत जातो. स्थळाच्या निमित्ताने फोटो कुठल्या कुठे फिरतात. आम्हाला पुस्तिकेसाठी मूळ फाइलच लागते, पण मुलींच्या घरच्यांना मी लोकेशन बंद करून काढायला सांगते. आणि बायोडेट्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्यातला फोटो कापून आम्हाला देऊ नका, हात जोडते.

कृष्णाकाठ

लोकेशन चालू होतं! बरं झालं सांगितलंत. शेअर करताना ते काढून टाकायचा पर्याय सापडला, तसा केला.

पुस्तिकेला खांद्यापर्यंतचा दिला. व्हॉट्सअ‍ॅपसाठी तोच, आणि कोणी मागितला तर उभा एक, तोही त्याच दिवशी जिन्यात काढलाय. फोन पोटाच्या उंचीवर धरून, कारण डोळ्यांच्या उंचीवरून काढल्यावर पाय आखूड दिसत होते.

वाळवण

उभा न मागताच पाठवावा का, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. सासूबाई म्हणतात आधीच द्यावा, नंतर मागितला की मुलीला बरं वाटत नाही. मला मागेपर्यंत देऊ नये असं वाटतं.

आज्जीबाई_ठाणे

सासूबाईंशी सहमत.

तिरकस

वाळवणशी सहमत. आणि पलीकडून मुलाचा उभा आल्याशिवाय तर नाहीच.

कृष्णाकाठ

ताजी बातमी : आईने साताऱ्याच्या मावशीला फोटो 1 तीन आठवड्यांपूर्वीच पाठवला होता. मावशीने तो पुढे चार घरी पाठवलाय. आज कळलं. आता त्या चार घरांना नवा फोटो पाठवायचा तर काय म्हणून पाठवायचा?

निशिगंधा_क

'हा अलीकडचा' म्हणून.

कृष्णाकाठ

दोन्ही याच वर्षीचे आहेत हो.

वाळवण

खरं सांगा. 'स्टुडिओवाल्याने जरा जास्तच हात फिरवलाय, ही आमची खरी मुलगी.' ज्यांना यावर हसू येईल ते घर बरं असेल.

नानासाहेब_वाईकर

माझ्या पुतण्याचं बघतोय. वय 31, पुढून केस गेलेत. टोपी घातलेला एक फोटो फार छान आला आहे, गडावरचा. चालेल का?

उजेडवाला

नाना, टोपीचा दुसरा म्हणून द्या. पहिला बिनटोपीचा, फोन डोळ्यांच्या उंचीवर किंवा दोन बोटं खाली धरून. वरून काढला की कपाळच कपाळ येतं. आणि वरचा दिवा बंद ठेवा.

नानासाहेब_वाईकर

कान?

उजेडवाला

दोन्ही.